रंगकामाच्या ग्राहकाची व्हिडिओ मुलाखत: प्रश्न कसे काढायचे, चित्रीकरण कसं आखायचं

‘काम खूप छान झालं. माणसं चांगली होती. वेळेत दिलं. धन्यवाद.’

घरं रंगवून देणाऱ्या बहुतेक व्यावसायिकांच्या मोबाइलमध्ये ग्राहकांचे असे दहा-वीस व्हिडिओ पडलेले असतात आणि त्यांतून एकही काम मिळत नाही. हीच चार वाक्यं प्लंबरलाही लागू पडतात, केटररलाही. यात ग्राहकाचा दोष नाही. त्याला ‘काय, कसं वाटलं काम?’ एवढंच विचारलेलं असतं आणि त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

रंग द्यायचा विचार करणाऱ्या माणसाला व्हिडिओत आपलीच काळजी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची असते. घासाईची धूळ कपाटात जाईल का, आठ दिवस म्हणून पंधरा दिवस लावतील का, कोटेशन एक आणि बिल भलतंच असं होईल का, दिवसभर घरात अनोळखी माणसं असताना म्हाताऱ्या आईचं काय? चांगल्या मुलाखतीत यातली एक काळजी, त्यावर प्रत्यक्ष काय घडलं ते आणि ते पटवणारी दोन-चार दृश्यं असतात. बाकी सगळी तयारी त्यासाठीच.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. साठीच्या काकू, काका आणि अंथरुणावर असलेल्या सासूबाई. घर रिकामं करणं शक्य नाही, म्हणून एकेक खोली घेत आठ दिवसांत काम झालं. तिसऱ्या दिवशी हॉलचा रंग शेड कार्डापेक्षा गडद वाटला, काकू नाराज झाल्या आणि दुसरा हात मारण्याआधी शेड एक पायरी फिकी केली.

सुरुवात मापं घ्यायला जाल त्या दिवशी

नवख्यांची सगळ्यात महाग चूक म्हणजे काम संपल्यावर मुलाखतीचा विचार करणं. तोवर जुनी भिंत गेलेली असते. ‘आधी पोपडे निघाले होते’ असं काकू सांगतात आणि दाखवायला काहीच नसतं.

म्हणून कोटेशनसाठी मापं घ्यायला जाणाऱ्या माणसावरच हे काम सोपवा. सामान हलवायच्या आधी, घर आहे तसं, प्रत्येक खोलीचा दारातून एक फोटो आणि दहा सेकंदांचा एक स्थिर व्हिडिओ घ्यायचा. ओलीचा डाग, पोपडे, खिळ्यांची भोकं, स्विचबोर्डाभोवतीचा काळपटपणा हे जवळून. फोन आडवा आणि कॅमेरा १एक्सवर. ०.५एक्सवर खोली मोठी दिसते, पण भिंती तिरक्या होतात आणि नंतरच्या चित्राशी जुळत नाहीत. कुठे उभं राहून, किती वाजता, कोणते दिवे लावून चित्र घेतलं ते वहीत एका ओळीत लिहायचं: ‘हॉल, दाराच्या उंबऱ्यावरून, छातीच्या उंचीवर, सकाळी ११, दिवे बंद’. ‘नंतर’चं चित्र तिथूनच, त्याच वेळी घ्यायचं. आधीचं चित्र संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये आणि नंतरचं सकाळच्या उन्हात घेतलं, तर बदल रंगाचा की उन्हाचा हे बघणाऱ्याला कळत नाही. त्याला संशय येतो आणि तो रास्तच असतो.

काम चालू असताना सुपरवायझरने रोज दोनच क्लिप घ्यायच्या, प्रत्येकी दहा सेकंद, हात न हलवता: एक झाकाझाकीची किंवा कामाची, एक संध्याकाळी माणसं निघताना खोली जशी आहे तशी. आठ दिवसांत सोळा क्लिप होतात, त्यांतल्या चार-पाच उपयोगी पडतात. कारागिरांचे चेहरे येणार असतील तर त्यांनाही आधी विचारा. कामावर आहेत म्हणून चित्रीकरणाला त्यांचा होकार आहे असं होत नाही.

मुलाखत कधी घ्यायची

शेवटच्या दिवशी, हिशेबाच्या वेळी तर मुळीच नाही. त्या दिवशी काकू दमलेल्या असतात, सामान अजून मधोमध असतं आणि पैशांचा विषय हवेत असतो. शिवाय पडदे, गाद्या, सोफा जागेवर नसल्यामुळे खोली घुमते आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो.

काम संपून आठ ते पंधरा दिवस झाले की बरं. घर लागलेलं असतं, वास गेलेला असतो, एखादा टच-अप राहिला असेल तर तो झालेला असतो, आणि आठवणी ताज्या असतात. महिन्याभराने सगळं ‘छान झालं’ एवढंच उरतं.

याला एक अपवाद आहे. मुद्दा ओलीचा असेल तर मुलाखत एक पावसाळा उलटल्यावरच घ्या. मे महिन्यात रंगवलेल्या भिंतीसमोर बसून जूनच्या आधी कुणी ‘ओल गेली’ म्हणत असेल, तर त्याला काडीची किंमत नाही, आणि सप्टेंबरात तोच डाग परत आला तर तो व्हिडिओ तुमच्यावरच उलटेल. अशा ग्राहकाकडून आत्ता धुळीबद्दल किंवा वेळेबद्दल बोलून घ्या आणि ओलीसाठी दसऱ्याच्या सुमारास पुन्हा जा.

प्रश्न लिहिण्याआधी एक ओळ लिहा

प्रश्नांच्या कागदावर सगळ्यात वर एकच वाक्य असावं: या व्हिडिओतून कुठली काळजी मिटली पाहिजे? काकूंच्या बाबतीत: ‘घरात आजारी माणूस असताना, घर न सोडता रंगकाम होऊ शकतं.’ हे वाक्य काकूंनी म्हणायचं नाही, त्यांना दाखवायचंही नाही. प्रश्न त्या दिशेने जातात की नाही हे पाहायला ते तुमच्यासाठी आहे.

मग सुपरवायझरला फोन करा आणि काम करताना काय काय घडलं ते विचारा: कुठल्या दिवशी काय अडलं, ग्राहक कशावर बोलले, कुठली गोष्ट बदलावी लागली. तिसऱ्या दिवसाच्या शेडची गोष्ट इथे कळते. ती आधी माहीत नसेल, तर मुलाखतीत तुम्ही तिच्या जवळही जाणार नाही, कारण काकू भिडेखातर आपणहून ती काढणार नाहीत.

काकूंसाठीचे प्रश्न आता क्रमाने पाहू. पहिले दोन केवळ आवाज मोकळा व्हावा म्हणून आहेत, त्यांची उत्तरं वापरायची नाहीत.

१. या घरात किती वर्षं झाली राहायला येऊन?
२. याआधी रंग कधी दिला होता?
३. त्या वेळचं काय काय आठवतं?
४. या वेळी रंग द्यायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यात मोठी काळजी कशाची होती?
५. पहिल्या दिवशी माणसं आल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय झालं, ते क्रमाने सांगा ना.
६. आजींच्या खोलीचं काम होतं त्या दिवशी त्या कुठे होत्या, कशी सोय केली?
७. या आठ दिवसांत कुठल्या दिवशी वैतागलात? मग काय झालं?
८. आता या खोलीत बसल्यावर पहिल्यांदा नजर कुठे जाते?
९. शेजारणीने विचारलं, ‘रंग काढायचाय, काय करू?’ तर तिला काय सांगाल? आधी काय विचारून घे म्हणाल?

यांतला एकही प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून संपत नाही. ‘धूळ कमी झाली ना?’ असं विचारलं की काकू ‘हो हो, कमीच’ म्हणतात आणि तुमचा अर्धा व्हिडिओ तुम्हीच बोललेला असतो. त्याऐवजी पाचवा प्रश्न बघा. त्यात धुळीचा शब्दच नाही. पण पहिला दिवस क्रमाने सांगायला बसलं की ‘आधी त्यांनी कपाटांवर प्लास्टिक टाकलं, टेपने चिकटवलं, सासूबाईंच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल लावला’ हे आपोआप येतं. ‘क्रमाने सांगा’ हे दोन शब्द साध्या माणसाकडून तपशील काढायला फार उपयोगी पडतात. मत द्यायला माणूस लाजतो, हकिगत सांगायला लाजत नाही.

सातवा प्रश्न व्यावसायिकांना सगळ्यात नको असतो. तरीही तो ठेवाच. आठ दिवस घरात घासाई चालली आणि कुणी वैतागलंच नाही, यावर कुणाचा विश्वास बसेल? काकू म्हणतील, ‘तिसऱ्या दिवशी हॉल बघितला आणि म्हटलं, हा रंग मी सांगितलाच नव्हता. कार्डावर एवढा गडद नव्हता.’ लहान कार्डावरची शेड मोठ्या भिंतीवर गडद वाटणं ही रंगकामातली नेहमीची गोष्ट आहे. चार भिंतींचा रंग एकमेकींवर परावर्तित होऊन आणखी दाट दिसतो. बघणाऱ्यांपैकी ज्याने आधी कधी रंग काढलाय त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. आणि पुढचं वाक्य, ‘मग त्यांनी दुसरा हात मारायच्या आधी भिंतीवर दोन पट्टे मारून दाखवले आणि विचारलं, कुठला हवा’, हेच त्या व्हिडिओचं खरं मोल आहे. तक्रार कशी निस्तरली हे सांगता येत नसेल, म्हणजे ती निस्तरलीच नसेल, तर त्या ग्राहकाकडे कॅमेरा नेऊ नका. आधी काम पुरं करा.

किमतीबद्दल थेट विचारायचं नाही. ‘स्वस्त पडलं’ हे वाक्य तुमच्या पुढच्या कोटेशनवर घासाघीस वाढवतं. बिल कोटेशनइतकंच आलं असेल तर ‘हिशेबाच्या वेळी काय झालं?’ एवढं पुरे.

ग्राहकाला आधी काय पाठवायचं

प्रश्न पाठवू नका, विषय पाठवा. व्हॉट्सॲपवर असा निरोप पुरतो: ‘काकू, बुधवारी दहाला येतो. आधी पाऊण तास आमची तयारी, मग वीस मिनिटं गप्पा. मागच्या वेळचं रंगकाम, या वेळी आजींची सोय कशी केली आणि हॉलच्या शेडचं काय झालं, एवढ्या तीन गोष्टींवर बोलू. पाठ काही करायचं नाही. भिंतीच्या रंगाची साडी सोडून कुठलीही नेसा, फक्त बारीक रेघांची नको.’

आधी प्रश्न हातात पडले की माणूस उत्तरं लिहून काढतो. आपल्याकडे तर कॅमेरा समोर आला की बोलण्यातली मराठी जाते आणि अर्जातली येते: ‘सदर काम अत्यंत समाधानकारक रीतीने पार पडले.’ असं वाक्य आलं तर अडवू नका, संपू द्या आणि मग म्हणा, ‘काकू, हे तुम्ही बहिणीला फोनवर कसं सांगितलं असतं?’ बहुतेक वेळा तेवढ्याने भाषा घरी परतते. वऱ्हाडी, मालवणी, मराठीत मिसळलेली हिंदी, जी बोली असेल ती राहू द्या. खाली अक्षरं देता येतात.

बारीक रेघा नको म्हणायचं कारण तांत्रिक आहे: व्हिडिओत त्या लकाकतात, हलल्यासारख्या दिसतात. भिंतीच्याच रंगाचे कपडे नको, कारण माणूस भिंतीत विरघळतो आणि नुसतं डोकं तरंगतं.

विचारताना

तुमचा प्रश्न शेवटी कापला जाणार आहे, त्यामुळे उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. ‘काळजी कशाची होती?’ याला ‘धुळीची’ असं एका शब्दाचं उत्तर आलं तर ते वाया गेलं. बसल्या बसल्याच सांगून ठेवा: ‘काकू, माझा आवाज व्हिडिओत येणार नाही, तर माझ्या प्रश्नातला एखादा शब्द घेऊन सुरुवात करा. म्हणजे, रंग द्यायचं ठरलं तेव्हा आम्हाला काळजी होती ती…’ दोन-तीन प्रश्नांत सवय होते.

दुसरी सवय तुम्ही स्वतःला लावायची. आपण बोलताना सारखं ‘हो, बरोबर, अच्छा’ म्हणत असतो. तो आवाज काकूंच्या वाक्याच्या शेवटावर चढतो आणि तिथे कापता येत नाही. मान हलवा, तोंड बंद. उत्तर संपलं की मनात तीन आकडे मोजा आणि मगच पुढचा प्रश्न घ्या. त्या तीन सेकंदांच्या शांततेत माणूस बऱ्याचदा ‘आणि हो, एक गोष्ट सांगायची राहिली’ म्हणतो, आणि तीच वापरली जाते.

उत्तर चांगलं पण लांबलं असेल तर ‘पुन्हा थोडक्यात सांगा’ म्हणू नका. दुसऱ्यांदा सांगताना जीव जातो. ‘ते ओल्या टॉवेलचं नीट कळलं नाही मला’ असं म्हणा, म्हणजे तेवढाच तुकडा ताज्याने सांगितला जाईल.

प्रकाश, म्हणजे इथे रंगाचा खरेपणा

इतर कुठल्याही मुलाखतीत मागची भिंत ही नुसती पार्श्वभूमी असते. इथे तीच माल आहे. व्हिडिओत ती खोट्या रंगाची दिसली तर काकूंचं सगळं बोलणं वाया.

पहिला धोका फोनच्या स्वयंचलित व्हाइट बॅलन्सचा. चौकटीत एकाच रंगाची मोठी भिंत आली की फोन तो रंग ‘सुधारायला’ जातो. मोतिया पिवळी भिंत पांढुरकी होते, काकूंचा चेहरा निळसर पडतो, आणि काकू जरा हलल्या की सगळं पुन्हा बदलतं. ज्या कॅमेरा ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येतो ते वापरा. काकूंच्या चेहऱ्याजवळ कोरा पांढरा कागद धरून तो पांढरा दिसेपर्यंत जुळवा आणि तिथेच कुलूप लावा. हे जमत नसेल तर निदान चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करा. आयफोनवर तेव्हा `AE/AF Lock` अशी पाटी दिसते.

दुसरा धोका मिश्र प्रकाशाचा. खिडकीतला उजेड निळसर, पिवळा बल्ब पिवळा, आणि भिंत दोन्हीकडून दोन रंगांची. खिडकी चांगली असेल तर घरातले सगळे दिवे बंद करा. काकूंना खिडकीच्या तिरपं बसवा, म्हणजे उजेड एका गालावर जास्त आणि दुसऱ्यावर थोडा कमी पडेल. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा पडतो.

दिवे लावणं भागच असेल तर तिसरी अडचण येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० चित्रांवर लावलेला असतो. स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूबखाली मग चित्र लुकलुकतं किंवा भिंतीवरून फिकट पट्टे सरकताना दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, रंगाला पट्टे आलेत! सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवलं की हे थांबतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये `Camera`, मग `Record Video` इथे `Show PAL Formats` चालू केलं की २५ चा पर्याय दिसतो. अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा.

आणि एक सावधगिरी. खिडकी भिंतीच्या कडेलाच असेल तर उजेड भिंतीवरून आडवा सरपटतो आणि लांबीची प्रत्येक लाट, पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. चित्रीकरणाआधी त्या भिंतीकडे कडेने बघून घ्या. लाटा दिसल्या तर दुसरी भिंत घ्या आणि त्या भिंतीबद्दल सुपरवायझरला सांगा. ‘भिंत आरशासारखी झाली’ या वाक्याखाली ती भिंत दाखवणं म्हणजे आपल्याच हाताने आपलं हसं करून घेणं.

बैठकीची मापं अशी धरा. काकू भिंतीपासून चार फूट पुढे, कारण अगदी भिंतीला टेकल्या की सावली मागे पडते. कॅमेरा त्यांच्यापासून पाच-सहा फुटांवर, तिपाईवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. तुम्ही कॅमेऱ्याला चिकटून एका बाजूला, बसून. उभं राहून विचारलं तर काकू वर बघत बोलतील. मागे निव्वळ कोरी भिंत नको: व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबून लहान केला जातो तेव्हा सपाट रंगाचे चौकोन पडतात. एखादी कुंडी, घड्याळ, सोफ्याची कड असू द्या.

आडवं की उभं हे आधी ठरवा. दोन्ही हवं असेल तर आडवं ४के घ्या आणि काकूंना मधोमध ठेवा. त्यातून उभा तुकडा कापला तरी पुरेसा स्पष्ट येतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या ४के चित्रणाला फोन आणि सेटिंगनुसार चार ते नऊ जीबी लागतात. फोनमध्ये पंधरा जीबी मोकळे असल्याशिवाय घरातून निघू नका.

आवाज

चित्र थोडं डावं-उजवं असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की पुढे सरकवतात. फोनला जोडायचा साधा वायरचा कॉलर माइक पुरतो. तो हनुवटीखाली एक वीतभर, साडीच्या काठावर किंवा सदऱ्याच्या बटणपट्टीवर लावा. मंगळसूत्र किंवा साखळी त्यावर घासत नाही ना हे बघा. हेडफोनवर ऐकल्याशिवाय ते कळत नाही आणि घरी येऊन कळलं तर काही करता येत नाही. रेशमी पदरही खूप सळसळतो.

पंखा बंद, एसी बंद, फ्रिज ऐकू येत असेल तर वीस मिनिटं बंद (जाताना चालू करायला विसरू नये म्हणून तुमच्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा). कुकर लावलाय का विचारा. खोलीत एकदा टाळी वाजवून बघा. घुमली तर कॅमेऱ्यामागे खुर्च्यांवर जाड चादरी, गोधड्या टाका. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून सलग वीस मिनिटं बसणं जड जातं, तेव्हा दहा मिनिटांनी थांबून पंखा लावा, पाणी द्या. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा. कापलेल्या जागा बुजवायला ती लागते.

बुधवारची सकाळ

१०.०० ला पोहोचा. पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच. खोली बघा, खिडकी बघा, चहा नाकारू नका. १०.१० ला काकूंसमोर संमतीचा कागद वाचून सही घ्या. १०.१५ ते १०.४५ जागा, प्रकाश, माइक. मग एक मिनिटाची चाचणी, आणि ती हेडफोनवर पूर्ण ऐका. १०.४५ ते ११.१० मुलाखत. ११.१० ते ११.४० घराची दृश्यं, आणि त्यात ‘हॉल, उंबऱ्यावरून, सकाळी ११, दिवे बंद’ हे वहीतलं चित्र सगळ्यात आधी.

घराची दृश्यं मुलाखतीनंतर घ्यायची, आधी नाही. काकूंनी ओल्या टॉवेलचा उल्लेख केला तर आजींच्या खोलीचं दार आणि उंबरा हवा, पहिल्या प्रथम नजर खिडकीखालच्या कोपऱ्यावर जाते म्हणाल्या तर तो कोपरा हवा. मुलाखत चालू असताना कागदावर अशा गोष्टी फक्त खुणेने टिपत जा. आठ-दहा दृश्यं, प्रत्येक दहा सेकंद, फोन न फिरवता. नवखा माणूस हॉलभर फोन फिरवत जातो आणि त्यातला एकही तुकडा कापून वापरता येत नाही. हलतं काही हवं असेल तर काकूंनाच हलू द्या: पडदा सरकवताना, भिंतीवरून हात फिरवताना.

दारावरची पाटी, फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं नाव, किल्ल्यांचा खिळा, देवघरातली चांदी, तिजोरीचं कपाट आणि नातवंडांचे फोटो चौकटीत नकोत. आजी अंथरुणावर आहेत. त्यांनी स्वतः होकार दिल्याशिवाय त्या कोपऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही.

संमती आणि सवलत

कागद अर्ध्या पानाचा पुरे, मराठीत: व्हिडिओ कुठे वापरणार, किती काळ, नाव पूर्ण लिहायचं की फक्त ‘कोथरूड’, आणि काकूंनी नंतर नको म्हटलं तर किती दिवसांत काढणार. मुलाखतीच्या बदल्यात बिलात सूट दिली असेल तर ते व्हिडिओत लिहायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस ही त्या माणसाचं प्रामाणिक मत असायला हवी, आणि त्याचा व्यवसायाशी मताच्या विश्वासार्हतेवर परिणाम करणारा संबंध असेल तर तो उघड करायला हवा. सोपी वाट म्हणजे सूट द्यायचीच नाही. टच-अपच्या डब्यात उरलेला रंग नाव-क्रमांक लिहून देऊन या, तो तसाही ग्राहकाचाच असतो.

कागदावर कापा, मग फोनवर

वीस मिनिटांचं बोलणं सव्वा मिनिटात आणायचं आहे. थेट ॲपमध्ये बसलात तर दोन दिवस जातात. आधी एकदा पूर्ण ऐका आणि चांगली वाक्यं वेळेसकट लिहून काढा. मग कागदावरच क्रम लावा. काकूंचा व्हिडिओ असा उभा राहतो:

० ते १२ सेकंद: ‘घरात आजारी माणूस, आणि रंग काढायचा म्हणजे जायचं कुठे?’ (काकूंचा चेहरा)
१२ ते ३५: पहिला दिवस, प्लास्टिक, टेप, ओला टॉवेल. (सुपरवायझरच्या पहिल्या दिवसाच्या क्लिप, आजींच्या खोलीचं दार)
३५ ते ५८: तिसरा दिवस, गडद शेड, दोन पट्टे. (चेहरा, मग पट्ट्यांची क्लिप)
५८ ते ६८: उंबऱ्यावरून आधीचा हॉल, मग आत्ताचा. इथे आवाज फक्त खोलीचा.
६८ ते ७८: शेजारणीला काय सांगाल: ‘आधी विचार, संध्याकाळी झाडून देणार का? आणि भिंतीवर पट्टा मारून दाखवणार का?’

कंपनीचं नाव सुरुवातीला नको, शेवटी दोन सेकंद पुरेत. काकूंचं वाक्य मधून कापून अर्थ बदलत नाही ना, हे त्या तुकड्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य ऐकून ताडून बघा. ‘धूळ कमी झाली असं म्हणणार नाही, पण रोज पुसून द्यायचे’ यातलं ‘रोज पुसून द्यायचे’ तेवढंच उचलणं सोपं असतं. पण पूर्ण वाक्यच ठेवा, तेच जास्त पटतं.

तयार व्हिडिओ आधी काकूंना पाठवा आणि दोन दिवस थांबा. बहुतेक जण ‘माझा आवाज असा येतो का?’ एवढंच म्हणतात. एखादं वाक्य नको म्हणाल्या तर का म्हणून विचारत बसू नका, काढून टाका.